मोफत जुळवणी ॲपमध्ये जन्मतपशील आणि जोडीदाराचे नाव लिहिण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रिका जुळवून देणाऱ्या किंवा दोन नावांवरून प्रेमाची टक्केवारी सांगणाऱ्या मोफत ॲपमध्ये आपण नेमके काय लिहून देतो आणि त्याचे पुढे काय होते, याविषयी वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जुळवणीवर विश्वास ठेवावा की नाही, हा येथील विषय नाही. विश्वास असला तरीही हे गणित फार थोड्या माहितीवर चालते, आणि गणिताला जी माहिती लागतच नाही ती देण्याचे काही कारण नाही, या भूमिकेतून उत्तरे लिहिली आहेत.

१. माझी जन्मतारीख ओळखीच्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. ती ॲपमध्ये लिहिल्याने काय बिघडते?

नुसत्या तारखेने फारसे बिघडत नाही, कारण एकाच तारखेला जन्मलेली माणसे हजारोंनी असतात. अडचण सुरू होते ती तारखेला दुसरी-तिसरी गोष्ट जोडली जाते तेव्हा. संगणकशास्त्रज्ञ लाटान्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेच्या आधारे २००० साली दाखवून दिले, की पूर्ण जन्मतारीख, लिंग आणि राहत्या भागाचा पाच अंकी टपाल क्रमांक एवढ्या तीनच गोष्टींवरून तेथील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. पुढे २००६ साली फिलिप गॉल यांनी नव्या जनगणनेवर तोच हिशेब मांडला, तेव्हा आकडा ६३ टक्क्यांच्या आसपास आला. यातला कमी आकडा धरला तरी निम्म्याहून अधिक लोक नाव न सांगताही ओळखू येतात.

जुळवणीच्या अर्जात तर तारखेसोबत वेळ, गाव, लिंग, नाव आणि बहुधा ईमेल किंवा मोबाइल क्रमांकही असतो. शिवाय पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जन्मतारीख आणि जन्मवेळ मात्र बदलता येत नाही. एकदा बाहेर गेलेली ही माहिती आयुष्यभर खरीच राहते.

२. जन्मवेळ आणि जन्मस्थळ कळून कोणाला काय मिळणार?

याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की जन्माचा तपशील अनेक ठिकाणी ओळख पटवण्यासाठी वापरला जातो, आणि त्यावरून इतर माहितीचा अंदाजही बांधता येतो. अलेस्सांद्रो अक्विस्टी आणि राल्फ ग्रॉस यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेतील व्यक्तीची जन्मतारीख आणि जन्माचे राज्य यांवरून तिच्या सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे, म्हणजे तेथे ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या नऊ अंकी क्रमांकाचे, पहिले पाच अंक पुष्कळदा ओळखता येतात, हे सिद्ध केले. २०११ पासून तेथे नवे क्रमांक यादृच्छिक पद्धतीने दिले जाऊ लागले, परंतु आधी दिलेले क्रमांक तसेच राहिले.

दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. जन्मवेळ मिनिटापर्यंत ठाऊक असणारी माणसे घरातलीच असतात. म्हणूनच एखाद्या अनोळखी व्यक्तीने ती अचूक सांगितली, की ऐकणाऱ्याचा तिच्यावर पटकन विश्वास बसतो, आणि फसवणूक करणाऱ्याला हवा असतो तो हाच विश्वास. असा फोन आल्यास काय करावे, ते प्रश्न १२ मध्ये पाहावे.

३. जोडीदाराचे नुसते नाव लिहिले तर त्यात काय एवढे?

एकटे नाव ही एका माणसाची माहिती असते, पण दोन नावे शेजारी-शेजारी लिहिली की ती एका नात्याची नोंद होते. ते नाते घरी सांगितलेले असेल किंवा नसेल, ठरलेले असेल किंवा मोडलेले असेल, नोंद मात्र तारीख-वेळेसह साठते. एकाच खात्यातून वर्षभरात चार वेगवेगळ्या नावांशी जुळवणी पाहिली गेली, तर त्या यादीतून खातेदाराच्या खासगी आयुष्याचा बराच भाग कोणालाही वाचता येतो.

कायद्याच्या दृष्टीनेही ही बाब किरकोळ नाही. लिथुआनियातील एका प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑगस्ट २०२२ रोजी निकाल दिला, की जोडीदाराचे नाव प्रसिद्ध केल्याने त्या व्यक्तीचा लैंगिक कल अप्रत्यक्षपणे उघड होऊ शकतो, आणि म्हणून अशा माहितीला संवेदनशील माहितीचे विशेष संरक्षण लागू होते. समलिंगी नाते जेथे लपवावे लागते तेथे, अथवा घरच्यांचा विरोध असताना, या दोन नावांची जोडी उघड होणे धोक्याचे ठरू शकते.

येथे एक साधी, पण दुर्लक्षित गोष्ट सांगावीशी वाटते. जोडीदाराचे नाव साठवून ठेवणारी ॲप रोज सूचना पाठवत असतील, तर दोघांच्या नावांसह 'आजचा दिवस तुम्हा दोघांसाठी' अशा ओळी कुलूपबंद पडद्यावरही दिसू शकतात. बहुतेक घरांत नाते उघड होण्याचा धोका सर्व्हर फुटण्यापेक्षा टेबलावर पडलेल्या फोनमुळे अधिक असतो. म्हणून अशा ॲपच्या सूचना बंद ठेवाव्यात, किंवा कुलूपबंद पडद्यावर मजकूर दिसणार नाही अशी व्यवस्था फोनमध्ये करावी.

४. गुणमेलनाला खरोखर किती माहिती लागते?

फारच थोडी. छत्तीस गुणांची पद्धत आठ कूटांवर उभी आहे: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७ आणि नाडी ८. ही आठही कूटे जन्मवेळच्या चंद्रावरून ठरतात. योनी, गण, नाडी आणि तारा नक्षत्रावरून काढतात, तर वर्ण, ग्रहमैत्री आणि भकूट राशीवरून. वश्यही राशीवरूनच ठरते, फक्त धनू आणि मकर या राशींत पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळे धरतात. नाव, आडनाव, ईमेल आणि मोबाइल क्रमांक यांपैकी कशालाही या गणितात जागा नाही. जन्मगावाचा उपयोगही येथे घड्याळाची वेळ कोणत्या प्रदेशाची आहे, एवढ्यापुरताच आहे.

चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस, म्हणजे त्याच्या कमी-अधिक गतीनुसार सुमारे २१ ते २७ तास असतो, आणि एका चरणात सुमारे सहा तास. राशी बदलायला त्याला सव्वादोन दिवस लागतात. त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत जन्मवेळ तासाभराने पुढेमागे लिहिली, तरी एकही गुण बदलत नाही. चंद्र नक्षत्राच्या किंवा राशीच्या सीमेजवळ असेल, तेव्हाच मिनिटांना महत्त्व येते.

५. म्हणजे खरी वेळ न लिहिताही गुण बरोबर येतील? उदाहरण द्याल का?

येतील, मात्र कोणत्या बाजूला सरकायचे ते पंचांग पाहून ठरवावे लागते. समजा, 'क' या व्यक्तीचा जन्म सकाळी १०:४७ चा आहे. पंचांगात त्या दिवशी चंद्र पहाटे ४:१० ला रोहिणी नक्षत्रात आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजता तेथून निघाला. रोहिणी नक्षत्र संपूर्णपणे वृषभ राशीत येते, त्यामुळे राशीचीही शंका नाही. 'क'ने १०:४७ ऐवजी दुपारी १२:०० लिहिले, तरी नक्षत्र रोहिणी, राशी वृषभ आणि गुण तेच राहतात.

आता 'ख'चा जन्म संध्याकाळी ६:२० चा आहे असे धरू. त्या दिवशी चंद्र विशाखा नक्षत्रात आहे, आणि ६:०५ वाजता तो तिसऱ्या चरणातून चौथ्या चरणात गेला आहे. विशाखाचे पहिले तीन चरण तूळ राशीत येतात आणि चौथा वृश्चिकेत. 'ख'ने आकडा गोल करण्यासाठी ६:०० लिहिले, तर नक्षत्र तेच राहील, पण राशी वृश्चिकऐवजी तूळ होईल. 'क'ची वृषभ आणि 'ख'ची तूळ या राशी एकमेकींपासून सहाव्या-आठव्या येतात, म्हणजे षडाष्टक होऊन भकूटाचे सातही गुण जातील. राशिस्वामी एकच असल्याने काही जाणकार तेथे परिहार मानतात, परंतु ॲपमधला आकडा पडलेलाच दिसेल. हीच वेळ ७:०० लिहिली, तर राशी वृश्चिकच राहते, ती वृषभेपासून सातवी येते आणि भकूटाचे सातही गुण मिळतात. म्हणजे 'ख'नेही खरी वेळ उघड करण्याची गरज नाही, फक्त सीमेपासून दूर जाणारी वेळ निवडायची.

जन्मदिवसाची नक्षत्रसमाप्ती जुन्या पंचांगात सापडते. नावांच्या जागी 'क' आणि 'ख' लिहावे. एखादे ॲप मोबाइल क्रमांकाशिवाय पुढेच जाऊ देत नसेल, तर तो क्रमांक गणितासाठी मागितलेला नाही हे उघड आहे. अशा वेळी दुसरी सोय पाहावी (प्रश्न ७).

६. मला मंगळदोषही पाहायचा आहे. त्याला तर अचूक वेळ लागते ना?

गुणमेलनापेक्षा अधिक लागते, कारण मंगळ कोणत्या स्थानात आहे हे बहुतेक जण लग्नावरून, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेल्या राशीवरून, मोजतात आणि लग्नराशी साधारण दोन तासांनी बदलते. लग्नबिंदू सुमारे चार मिनिटांत एक अंश सरकतो. लग्न राशीच्या मध्याजवळ असेल, तर वेळ जवळच्या पाच-दहा मिनिटांवर गोल करूनही स्थाने तीच राहतात. लग्न सीमेजवळ असेल तर मात्र राहत नाहीत. नवांशाचे लग्न सुमारे तेरा मिनिटांनी बदलते, म्हणून तेथे ही मोकळीक आणखी कमी होते. पाश्चात्त्य पद्धतीच्या पत्रिका-तुलनेतही हाच फरक आहे: ग्रहांचे परस्पर कोन तारखेवरून बऱ्यापैकी कळतात, चंद्राला वेळेचा अंदाज लागतो, आणि स्थानांना मात्र नेमकी वेळ हवी असते.

गावाच्या बाबतीत पुष्कळ मोकळीक आहे. एक रेखांश पूर्वेला किंवा पश्चिमेला गेल्यास स्थानिक वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो, आणि विषुववृत्तावर एक रेखांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. छोट्या गावाऐवजी चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या मोठ्या शहराचे नाव लिहिले, तर फरक साधारण दोन मिनिटांचा, म्हणजे लग्नात अर्ध्या अंशाच्या आसपास पडतो. ओळख लपवण्याच्या दृष्टीने मात्र लाभ मोठा होतो, कारण त्या तारखेला छोट्या गावात जन्मलेले एखादेच मूल असेल, शहरात मात्र शेकडो असतील.

७. इंटरनेटवर काहीच न लिहिता जुळवणी पाहता येते का?

येते. पंचांगांत वधूवर गुणमेलनाचे कोष्टक छापलेले असते. एका बाजूला वधूचे आणि दुसऱ्या बाजूला वराचे नक्षत्र-चरण पाहून गुण थेट वाचता येतात. संगणकावर इंटरनेटशिवाय चालणारे ज्योतिषगणिताचे मोफत सॉफ्टवेअरही मिळते. काही संकेतस्थळांवर जन्मतपशिलाऐवजी फक्त नक्षत्र निवडण्याची सोय असते. ती असेल तर तीच वापरावी, कारण एका नक्षत्रात जन्मलेले लोक कोट्यवधी असतात आणि त्यावरून कोणाचीच ओळख पटत नाही.

८. मी लिहिलेली माहिती त्या संकेतस्थळाबाहेर जाते ती कशी?

कोणी सर्व्हर फोडण्याची वाटही पाहावी लागत नाही. 'जुळवा' हे बटण दाबल्यावर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीकडे नजर टाकावी. निष्काळजीपणे बांधलेल्या संकेतस्थळांवर तेथे असे काही दिसते:

```
/milan?name1=KA&dob1=1990-01-01&tob1=07:15&name2=KHA
```

याचा अर्थ नाव, तारीख आणि वेळ हे सारे पानाच्या पत्त्यातच लिहिले गेले आहे. तो पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो आणि संकेतस्थळाच्या सर्व्हरवरील नोंदवहीत उतरतो. त्या पानावर जाहिरातीची किंवा वाचकसंख्या मोजण्याची तिसऱ्या कंपनीची स्क्रिप्ट बसवलेली असेल, तर तीही तो पत्ता वाचू शकते, आणि वाचकसंख्या मोजणाऱ्या सेवा पानाचा पत्ता सहसा नोंदवतातच. एका पानावरून दुसऱ्या संकेतस्थळावर जाताना पूर्ण पत्ता पाठवणे आधुनिक ब्राउझरांनी आता बंद केले आहे, पण त्याच पानावर चालणाऱ्या स्क्रिप्टला ही अट आडवी येत नाही. शिवाय निकाल मित्राला पाठवण्यासाठी आपण दुवा पाठवला, की दोघांचे तपशील त्या दुव्यासोबतच जातात. निकाल दाखवायचाच असेल, तर आकड्याचे तेवढे चित्र कापून पाठवावे.

पत्त्यात काही दिसले नाही म्हणजे सारे सुरक्षित, असे मात्र समजू नये, कारण तीच माहिती पत्त्यात न दिसताही पाठवता येते. आणखी एक तपासणी करता येते. आपल्या अहवालाचा दुवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत, खात्यात प्रवेश न करता उघडून पाहावा. तो उघडला तर दुवा हाती असलेल्या कोणालाही तो वाचता येईल. दुव्याच्या शेवटी ओळीने वाढणारा क्रमांक असेल, तर अंदाजाने क्रमांक टाकणाऱ्यालाही तो सापडू शकतो. अशा ठिकाणचा अहवाल लगेच काढून टाकण्याची मागणी करावी.

९. ॲप माहिती फोनमध्येच ठेवते की बाहेर पाठवते, हे कसे ओळखावे?

विमान मोड चालू करावा, वाय-फाय बंद असल्याची खात्री करावी आणि काल्पनिक तपशील भरून जुळवणी करून पाहावी. निकाल आला तर गणित फोनमध्येच होते, नाही आला तर तपशील बहुधा सर्व्हरवर जातात. या चाचणीला एक मर्यादा आहे: गणित फोनमध्ये होत असले तरी इंटरनेट परत चालू झाल्यावर ॲप साठवलेली माहिती पाठवू शकते. म्हणून चाचणीतील निकाल उत्साहवर्धक आला, तरी खरे नाव लिहू नये.

अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक ॲपखाली कोणती माहिती गोळा केली जाते आणि कोणाला दिली जाते, याचा विभाग असतो. ती माहिती ॲप बनवणाऱ्यानेच भरलेली असते, हे लक्षात ठेवून ती वाचावी. एक्झोडस प्रायव्हसी ही ना-नफा संस्था अँड्रॉइड ॲपमध्ये माग काढणारे कोणते घटक बसवले आहेत, याचे विश्लेषण प्रसिद्ध करते. तेथे ॲपचे नाव शोधून पाहता येते. जुळवणीच्या ॲपने फोनमधील संपर्क किंवा नेमके ठिकाण पाहण्याची परवानगी मागितली, तर ती नाकारावी. जन्मस्थळ हाताने लिहिता येते, आणि आपण आत्ता कोठे उभे आहोत याचा जुळवणीशी संबंध नाही.

१०. फक्त दोन नावे विचारून टक्केवारी सांगणारी पाने तर निरुपद्रवी असतात ना?

त्यांतील काही पाने तर याच हेतूने बनवलेली असतात, की दुवा पाठवणाऱ्याला समोरच्याच्या मनातले नाव कळावे. मित्र गमतीचा दुवा पाठवतो, आपण आपले आणि आवडत्या व्यक्तीचे नाव लिहितो, आणि ती दोन्ही नावे थेट दुवा पाठवणाऱ्याकडे पोहोचतात. इतर पानांवर अक्षरांची बेरीज करून आकडा काढलेला असतो. ती बेरीज कोणत्याही अक्षरांवर होऊ शकते, त्यामुळे खरे नाव लिहून मिळणारा आकडा अधिक खरा ठरत नाही. दुसऱ्याने पाठवलेल्या दुव्यावर कोणाचेही खरे नाव लिहू नये.

११. मी ॲप काढून टाकले आहे. माहिती गेली का? आणि माझी माहिती माझ्या जोडीदाराने भरली असेल तर?

फोनमधून ॲप काढल्याने फक्त ॲप जाते, सर्व्हरवरचे खाते तसेच राहते. आधी ॲप उघडून साठवलेल्या जोड्या एकेक करून पुसाव्यात, मग खाते बंद करण्याचा पर्याय वापरावा आणि शेवटी ॲप काढावे. खाते उघडू देणाऱ्या ॲपमध्येच ते बंद करण्याची सोय असली पाहिजे, असा नियम ॲपलने ३० जून २०२२ पासून लागू केला, आणि गूगलनेही प्ले स्टोअरसाठी पुढे तसाच नियम आणला. गूगल किंवा फेसबुकच्या खात्याने प्रवेश केला असेल, तर त्या खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ही जोडणीही तोडावी. मात्र खाते बंद करण्याआधी जाहिरात कंपन्यांना जे देऊन झाले आहे, ते यातून परत येत नाही.

दुसऱ्या कोणी आपली माहिती भरली असेल, तरीही हक्क आपलाच असतो, कारण माहिती ज्याच्याविषयी आहे त्याची मानली जाते. युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमावलीनुसार, म्हणजे जीडीपीआरनुसार, कंपनीकडे आपल्याविषयी काय आहे ते विचारता येते आणि ते पुसण्याची मागणी करता येते, आणि कंपनीला साधारण एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. भारतातही २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम याच दिशेचा आहे आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पत्रात कोणत्या नावाने, साधारण केव्हा आणि कोणाच्या खात्यातून माहिती भरली गेली असावी, एवढेच लिहावे. ओळखपत्राची प्रत लगेच जोडू नये, नाहीतर पुसण्याच्या मागणीतून त्यांच्याकडे आणखी एक कागद जमा होतो. खाते ज्याने उघडले त्यालाच ती नोंद पुसायला सांगणे हा बहुतेक वेळा सर्वांत जलद मार्ग असतो.

एकाने होकार दिला आणि माहिती दुसऱ्यांची गेली, याचे मोठे उदाहरण केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात आहे. एक प्रश्नमंजुषा सुमारे २,७०,००० लोकांनी सोडवली, पण त्यांच्या मित्रांच्या माहितीसह फेसबुकच्या सुमारे ८.७ कोटी वापरकर्त्यांची माहिती बाहेर गेली असावी, असे २०१८ साली फेसबुकनेच सांगितले. म्हणून जोडीदाराचे तपशील भरण्यापूर्वी त्याला किंवा तिला विचारावे, आणि विचारताना कोणत्या ॲपमध्ये व नेमके काय भरणार आहोत तेही सांगावे.

१२. अनोळखी व्यक्तीने फोन करून आम्हा दोघांची नावे आणि माझी जन्मवेळ अचूक सांगितली, आणि दोषनिवारणासाठी पैसे मागितले. तिला हे कसे कळले असेल?

जन्मवेळ ज्योतिषविद्येने काढता येत नाही. ती आधी माहीत असावी लागते, तेव्हाच पत्रिका मांडता येते. म्हणून अचूक जन्मवेळ सांगणाऱ्याकडे विद्या नसून आपली नोंद आहे, एवढेच सिद्ध होते. ती नोंद कोठून गेली हे शोधण्याचा एक मार्ग आहे. प्रश्न ५ प्रमाणे वेगवेगळ्या ॲपमध्ये वेगवेगळी वेळ लिहिली असेल, उदाहरणार्थ एका ठिकाणी १२:०० आणि दुसऱ्या ठिकाणी १:३०, तर फोनवरची व्यक्ती कोणती वेळ सांगते त्यावरून माहिती कोठून फुटली याचा चांगला अंदाज येतो. त्यासाठी कोठे काय लिहिले, याची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी.

फोनवर सांगितलेली माहिती बरोबर की चूक, हे बोलून दाखवू नये, कारण होकारानेही तिची खात्री होते. जोडीदाराला त्याच दिवशी कळवावे, कारण पुढचा फोन बहुधा तिकडेच जातो. ज्या ईमेलने खाते उघडले होते तो 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर तपासावा. तेथे ज्ञात गळतींमध्ये तो सापडतो का ते दिसते, मात्र न सापडल्यास गळती झालीच नाही असा अर्थ होत नाही. पैसे दिले असतील तर बँकेला आणि पोलिसांच्या सायबर विभागाला लगेच कळवावे, आणि फोनची वेळ, क्रमांक आणि सांगितलेली जन्मवेळ तक्रारीत जशीच्या तशी लिहावी.